संत्रा बागांच्या सर्वेक्षणात स्तरांच्या सीमा कशा ठरवल्या

नागपूर जिल्ह्यातल्या 530 संत्रा बागांचे झाडांच्या संख्येनुसार तीन स्तर पाडायचे होते. बहुतेक बागा लहान, मोजक्याच मोठ्या, म्हणून डॅलेनियस-हॉजेसचा नियम (1959) घेतला: प्रत्येक वर्गाच्या वारंवारतेचं वर्गमूळ काढायचं, बेरीज चढवत न्यायची आणि तिचे सारखे भाग करायचे.

500 झाडांपर्यंत शंभर-शंभरचे वर्ग होते. वारंवारता 225, 144, 64, 36, 16. वर्गमुळं 15, 12, 8, 6, 4. शेवटचा वर्ग मात्र 500 ते 1000, बागा 45. नुसतं √45 म्हणजे 6.7 घेतलं, तर सीमा 100 आणि 300 वर येतात आणि वरच्या स्तरात 97 बागा कोंबल्या जातात. तीनशे झाडांची बाग नऊशेवालीच्या पंगतीला!

हा वर्ग पाचपट रुंद आहे, म्हणून √(5×45) = 15 धरलं. चढती बेरीज 15, 27, 35, 41, 45, 60 झाली. तिचे तीन भाग 20 आणि 40 वर पडतात; जवळच्या बेरजा 15 आणि 41, म्हणजे सीमा 100 आणि 400. वरच्या स्तरात आता 61 बागा राहिल्या. हजाराच्या वरच्या चार-दोन बागा आधीच वेगळ्या काढून सगळ्याच मोजल्या. त्यांना नियमात ओढू नये.