क्रोशाचा चार्ट शब्दांत उतरवताना पाय आणि डोकी मोजा

ओळीचा क्रमांक चार्टच्या ज्या कडेला छापलेला असतो, तिथून ती ओळ वाचायची. क्रमांक उजवीकडे असेल तर उजवीकडून डावीकडे, डावीकडे असेल तर उलट.

मग प्रत्येक चिन्हाचा पाय बघा, कारण टाका कुठे घालायचा ते तोच सांगतो. दोन खांबांचे पाय एकत्र आणि डोकी वेगळी असतील तर एकाच टाक्यात दोन खांब, म्हणजे वाढ. पाय वेगळे आणि डोकी जुळलेली असतील तर ती घट.

नागमोडी नक्षीची ओळ घ्या. खाली ११ टाके आहेत. ती अशी लिहिता येईल: ‘३ साखळ्या (पहिला खांब धरा), त्याच टाक्यात १ खांब, पुढच्या ३ टाक्यांत १-१ खांब, पुढचे ३ खांब एकत्र, पुढच्या ३ टाक्यांत १-१ खांब, शेवटच्या टाक्यात २ खांब.’

आता पडताळा. पाय: १+३+३+३+१, म्हणजे ११. डोकी: २+३+१+३+२, म्हणजे ११. पायांची बेरीज खालच्या ओळीच्या टाक्यांशी जुळली नाही, तर एखादं चिन्ह वाचायचं राहिलंय. डोक्यांची बेरीज ओळीच्या शेवटी कंसात लिहून ठेवा, पुढच्या ओळीचे पाय तिच्याशीच ताडून बघायचे असतात.

पुढच्या ओळीचा शेवटचा टाका मात्र ‘३ साखळ्यांच्या वरच्या साखळीत’ असा स्पष्ट लिहा. बहुतेकांचा टाका इथेच सुटतो आणि कड आत ओढली जाते.