दोन एकतीस तारखांचा घोळ

जळगावच्या करसल्लागारांशी झालेलं 40 मिनिटांचं बोलणं त्यांना विचारूनच मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. जून 2024 मध्ये त्यावरून आयकर रिटर्नसाठीच्या कागदांची आणि मुदतींची यादी काढली, ती बोलण्याच्या क्रमाने. तिथेच फसलो. '31 डिसेंबरपर्यंत दंड भरून रिटर्न चालतं' एवढंच लिहिलं आणि निवांत झालो.

मग रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आता कागद, तो कोण देणार आणि कधीपर्यंत, असे तीन रकाने केले. प्रत्येक ओळीपुढे रेकॉर्डिंगमधलं मिनिट लिहिलं. शंका आली की थेट तिथे जायचं. 27व्या मिनिटाला सापडलं: "भाऊ, घरभाड्याची सूट हवी तर जुनी करप्रणाली, आणि ती निवडायची तर रिटर्न 31 जुलैच्या आतच." दंड भरला तरी ती संधी परत मिळत नाही!

माझं भाडं महिना 9,000, म्हणजे वर्षाचं 1,08,000. लाखाच्या वर गेल्याने घरमालकाचा पॅन लागला. ते आठवडाभर शेतावर, केळीच्या कापणीत. फॉर्म 16 कंपनीकडून 15 जूनपर्यंत. शेवटची ओळ मी आधी गाळलीच होती: रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत ई-पडताळणी.