व्हिडिओ कॉलवरचा प्रसंग लिहिताना या चुका टाळा

फोनच्या पडद्यावरच घडणाऱ्या लघुपटाच्या संहितांमध्ये सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे पडदा नेमका कोणाचा आहे, हे लेखकाने ठरवलेलेच नसते. दोघे बोलतात, दोघांचे चेहरे दिसतात, एवढ्यावर लिखाण सुरू होते आणि पुढे सगळा घोळ होतो.

अशी एक संहिता माझ्याकडे वाचायला आली होती. धाकटी बहीण मोठीला विचारणार असते, "आईच्या खात्यातले पैसे तूच काढलेस ना?" कॉल सुरू असतानाच ती हे चॅटमध्ये टाइप करते, क्षणभर थांबते, सगळे खोडते आणि पाठवते, "आईच्या खात्याचं काही कळलं का?" प्रसंग उत्तम होता, पण पडदा मोठीचा होता. मोठीच्या फोनवर फक्त 'टाइप करत आहे' असे दिसून ते नाहीसे होणार, खोडलेला आरोप तिला आणि प्रेक्षकालाही कधीच दिसणार नाही. अडचण लक्षात आल्यावर लेखकाने धाकटीच्या तोंडी वाक्य घातले: "मी तुला विचारणार होते, पण राहू दे." पडद्यावर घडायचे ते तोंडाने सांगून टाकण्याचा हा आळस मला अजिबात खपत नाही.

पडदा धाकटीच्या हाती देताच प्रसंग उभा राहिला. आरोप लिहिला जातो, एकेक अक्षर मागे जाते, साधा प्रश्न जातो, खुणा निळ्या होतात, मोठी टाइप करू लागते, थांबते आणि उत्तर येते, "उद्या बोलू." एकही संवाद न उच्चारता दोघींचे लपवणे कळते. म्हणून मी पहिल्याच ओळीत पडद्याच्या मालकाचे नाव लिहितो आणि पानाचे दोन रकाने करतो: डावीकडे दिसणारे, उजवीकडे ऐकू येणारे. न पाठवलेला मजकूर मी कंसात ठेवतो.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशेबही इथे चालत नाही. वरचा प्रसंग कागदावर चार ओळींचा असला तरी टाइप करणे, खोडणे आणि वाट पाहणे धरून अर्ध्या मिनिटाच्या पुढे सहज जातो. घाई असणारे नवे लेखक हा वेळ मोजत नाहीत आणि मग संकलनात हीच थांबण्याची जागा कापली जाते. मी फोन हातात घेऊन तो प्रसंग खरोखर टाइप करतो आणि घड्याळ लावतो.

समूह कॉलमध्ये सगळे चेहरे एकाच वेळी दिसत असतील, तर न बोलणाऱ्यांचेही काही लिहावे. नाहीतर ते नुसते ताटकळत बसलेले दिसतात.

पडद्यावरची वेळ आणि बॅटरीचा आकडा प्रसंगागणिक नोंदवून ठेवावा.

आणि भांडण पेटल्यावर पात्र फोन का ठेवत नाही, याचे कारण संहितेत असलेच पाहिजे. धाकटीला ते होते: आईचा ओटीपी मोठीच्या फोनवर येणार होता.