बरणीतली माती: सातवीच्या वर्गासाठी तयारीची यादी

माती पाण्यात हलवून बरणी स्थिर ठेवली की वाळू, पोयटा आणि चिकणमातीचे थर एकावर एक बसतात; प्रत्येक थराच्या वरच्या कडेला खूण करून त्यांचं प्रमाण काढायचं, असा हा प्रयोग. पहिली गोष्ट म्हणजे वार. प्रयोग सोमवारी पहिल्या तासाला सुरू करा. पहिली खूण एका मिनिटात करायची, दुसरी दोन तासांनी म्हणजे मधल्या सुट्टीच्या आसपास आणि तिसरी बुधवारी. शुक्रवारी सुरू केलात तर तिसरी खूण रविवारी येते आणि शाळेला कुलूप असतं.

नमुने आदल्या आठवड्यातच मागवा. नुसतं 'माती आणा' म्हटलं की निम्मी मुलं कुंडीतली माती आणतात. म्हणून नेमकं सांगा: शेतातली, वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोलीपर्यंतची, डबाभर. मंगळवेढ्याकडची काळी आणि सांगोल्याकडची मुरमाड असे दोन नमुने मिळाले तर तास रंगतो. डब्यात चिठ्ठी हवीच: गाव, शेतातलं पीक आणि 'पहारीने खोदलं तर मुरूम किती खाली लागतो' या प्रश्नाचं घरच्यांनी दिलेलं उत्तर. हे उत्तर पुढे लागणार आहे.

माती सावलीत वाळवा. ढेकळं लाकडी लाटण्याने हलकेच फोडा. दगडाने ठेचू नका, मुरमाचा चुरा होतो आणि तो वाळूत मोजला जातो. मग चहाच्या मोठ्या जाळीच्या गाळणीने चाळा. वर उरलेले खडे फेकू नका. चाळण्याआधी आणि नंतर वजन करून त्यांचा वाटा नोंदपत्रकात लिहा, नाहीतर मुरमाड जमीन कागदावर उगाच चांगली दिसते. काळ्या मातीतले पांढरे खडे चुनखडीचे. त्यावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात, आणि एवढ्यासाठी मुलं रांग लावतात.

बरणी सरळ बाजूंची, झाकणाची, एक लिटरची. कमरेत आत गेलेली बाटली नको, तीत थरांची उंची फसवी येते. चाळलेली माती पाव बरणी घ्या. काळी माती फुगते, त्यामुळे त्याहून जास्त नको. अर्धा चमचा धुण्याचा सोडा टाका. धुण्याची पावडरही चालते, पण फेसामुळे वरची रेघ दिसत नाही. काळ्या मातीची ढेकळं रात्रभर भिजू द्या, म्हणजे कण सुटे होतात.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. गेल्या वर्षी मी बोअरचं पाणी वापरलं. अर्ध्या तासात पाणी नितळ झालं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण तळाशी कापसासारखा एकच गोळा होता, रेघ कुठेच नाही. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गोळे बनतात आणि झटपट बसतात. तेव्हापासून फिल्टरचं पाणी घेतो. नितळ व्हायला वेळ लागला तर घाबरू नका. बुधवारीही गढूळ असेल तर शुक्रवारी वाचा आणि तसं नोंदवा.

बरणी खिडकीच्या उन्हात नको, कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवा. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवली की पुन्हा हात लावायचा नाही. मिनिटभरात बसेल ती वाळू, दोन तासांत त्यावर बसेल तो पोयटा आणि शेवटी बसेल ती चिकणमाती. प्रत्येक वेळी बाहेर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर रेघ मारा.

गणित फळ्यावर एकदा सोडवून दाखवा. समजा काळ्या मातीच्या बरणीत रेघा तळापासून 12, 32 आणि 80 मिलिमीटरवर आल्या. मग वाळू 12, पोयटा 20, चिकणमाती 48, म्हणजे अनुक्रमे 15, 25 आणि 60 टक्के. मुलं हमखास चूक करतात ती इथे: पोयट्याला 32 लिहितात, खालची वाळू वजा करत नाहीत. मुरमाड मातीत रेघा 42, 52 आणि 60 वर असतील तर वाळू 70 टक्के येते. चिकणमातीचा थर फुगलेला असतो, म्हणून तिचा आकडा अंदाजाचाच. '60 टक्के' ऐवजी 'निम्म्याहून जास्त' लिहायला सांगा.

आता पिकाचा रकाना. चिकणमाती पाणी धरून ठेवते. पाऊस सरल्यावर पेरलेली रब्बी ज्वारी त्याच साठलेल्या ओलीवर वाढते, म्हणून मालदांडी भारी काळ्या जमिनीत येते. डाळिंबाला निचरा लागतो, मुळाशी पाणी साचलं की मर रोगाला वाव मिळतो. हलक्या मातीत ठिबकने मोजकं पाणी देऊन ते जमतं.

पण इथेच चिठ्ठीतलं ते उत्तर काढा. दोन शेतांतली माती बरणीत अगदी सारखी दिसली, आणि एकात मुरूम वीतभर खाली, दुसऱ्यात कमरेइतका खाली असला, तर पहिल्यातली ज्वारी दाणे भरायच्या आतच सुकेल, कारण ओल साठवायला जागाच नाही. बरणी खोली सांगत नाही. म्हणून नोंदपत्रकात खोलीचा रकाना पिकाच्या रकान्याच्या आधी आखा, आणि तो रिकामा असेल तर पुढचाही रिकामाच ठेवायचा असं मुलांना सांगा.