घुमटाचं क्षेत्रफळ आणि कढईचं माप: आधी गोलाची त्रिज्या काढा

खानापूर तालुक्यातल्या एका देवळाचा घुमट रंगवायचं काम मी पहिल्यांदा घेतलं, तेव्हा "घुमट म्हणजे अर्धा गोल" असं धरून २१९ चौरस फुटांचा रंग आणला. घुमट निघाला १५८ चौरस फुटांचा. देवस्थानच्या पैशाचा रंग उगाच उरला, याची रुखरुख मला बरेच दिवस होती. म्हणून सांगतो, आपल्या सीमाभागातल्या गावोगावच्या देवळांवरचे घुमट क्वचितच नेमके अर्धगोल असतात. बहुतेक त्याहून बसके असतात, म्हणजे मोठ्या गोलाचा वरून कापलेला तुकडा.

बुडाशी टेप गुंडाळून घेर घ्या आणि ६.२८ ने भागा, बुडाची त्रिज्या मिळते. आमच्या घुमटाचा घेर ११.३१ मीटर होता, म्हणून `a` = १.८० मीटर. उंची लेव्हल पाइपने घ्या. पाइपचं एक टोक कळसाखाली घुमटाच्या माथ्याशी धरा, दुसरं बाहेर उभ्या केलेल्या बांबूशी, आणि बांबूवरच्या खुणेपासून बुडाच्या पातळीपर्यंत सरळ खाली मोजा. आमची उंची `h` = १.२० मीटर आली. घुमटाच्या अंगावरून टेप सोडून उंची घेऊ नका, ती उंची नव्हे.

आता जिथे मी चुकलो ती जागा. सूत्रातला `R` म्हणजे बुडाची त्रिज्या नव्हे. घुमट ज्या गोलाचा तुकडा आहे, त्या पूर्ण गोलाची ती त्रिज्या. त्या गोलाचं केंद्र बुडाच्याही खाली, गाभाऱ्याच्या पोकळीत कुठेतरी असतं, तिथे टेप लावता येत नाही. ती काढावीच लागते:

```
R = (a² + h²) / (2h)
R = (3.24 + 1.44) / 2.40 = 1.95
```

बुडाची त्रिज्या १.८० आणि गोलाची १.९५. आकडे जवळजवळ दिसतात म्हणून माणूस फसतो. केंद्र बुडाखाली १.९५ − १.२० = ०.७५ मीटरवर आलं. आता पृष्ठभाग:

```
A = 2πRh = 2 × 3.1416 × 1.95 × 1.20 = 14.70
```

१४.७० चौरस मीटर, म्हणजे १५८ चौरस फूट. ताळा करायचा असेल तर `π(a² + h²)` काढा, तेवढंच यायला हवं.

घुमट खरंच गोलाचा तुकडा आहे का, हेही एकदा बघाच. निम्म्या उंचीवर, म्हणजे इथे ६० सेंटिमीटरवर, घेर ८.८४ मीटर यायला हवा. त्याहून बराच वेगळा आला तर घुमट टोकदार किंवा फुगीर आहे आणि हे सूत्र तिथे लावू नका.

बुडाशी वेगळ्या रंगाचा पट्टा मारायचा असेल तर `h` च्या जागी पट्ट्याची उभी उंची घाला, `R` तोच राहतो. खालचा ३० सेंटिमीटरचा पट्टा ३.६८ चौरस मीटरचा झाला. आणि माथ्यावरचा ३० सेंटिमीटर उंचीचा भागही तेवढ्याच क्षेत्रफळाचा! मला हे आधी पटलंच नव्हतं. पण अंगावरून मोजलं तर खालचा पट्टा ३४ सेंटिमीटर रुंद भरतो, आणि माथ्यापासून खाली मात्र तब्बल १ मीटर १० सेंटिमीटर अंतर कापावं लागतं. खाली घेर मोठा आणि पट्टा अरुंद, वर घेर लहान आणि उतार सपाट. म्हणूनच मिस्त्री अंगावरून मोजलेला आकडा सांगतो तेव्हा मी तो सूत्रात घालत नाही, उभी उंची परत मोजायला लावतो.

घुमट उलटा केला की गोल बुडाची कढई होते. आमच्याकडची सप्ताहाची कढई तोंडाशी ९० सेंटिमीटर व्यासाची, २० सेंटिमीटर खोल. म्हणजे `a` = ४५ आणि वरच्याच रीतीने `R` = ६०.६. काठोकाठ भरली तर:

```
V = πh²(3R − h) / 3
```

यातून ६७.८ लिटर येतात. निम्म्या खोलीपर्यंत, १० सेंटिमीटर भरली तर `h` = १० घाला, `R` बदलू नका: फक्त १८ लिटर. "अर्धी कढई" म्हणून ३४ लिटरचा हिशेब धरणाऱ्याला आमटी कमी पडणारच.

कढईला आतून कल्हई करायची असेल तर आणखी सोपं. एक सरळ काठी तळाच्या मध्यावरून काठापर्यंत तिरकी धरा. तेवढ्या त्रिज्येच्या सपाट वर्तुळाचं क्षेत्रफळ हेच कढईच्या आतल्या अंगाचं क्षेत्रफळ. हे आर्किमिडीजने सिद्ध करून ठेवलं आहे. आमची काठी ४९.२ सेंटिमीटर भरली, म्हणजे ०.७६ चौरस मीटर. इथे `R` लागतसुद्धा नाही.