सायबर कॅफेत पहिला रेझ्युमे: दुसऱ्याच्या फाइलवर आपलं नाव टाकताना या चुका टाळा

सुगंधा मुरबाडकडच्या एका गावातली. बी.कॉम. झाली आणि कळव्याला मामाकडे आली. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सची जागा आहे, रेझ्युमे मेल करा, असं तिला कळलं होतं. घरी कॉम्प्युटर नव्हता. म्हणून मामाची मुलगी अश्विनी तिला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेली.

कॅफेवाल्याने मदत म्हणून एक तयार फाइल उघडून दिली. "यात फक्त नाव-गाव बदला, दहा मिनिटांत होईल." आधी कुणीतरी मुलाने करून घेतलेला तो रेझ्युमे होता. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. कॅफेवाल्याच्या मनात काही वाईट नसतं, पण जुन्या माणसाच्या खुणा त्या फाइलमध्ये किती ठिकाणी राहतात, हे त्यालाही माहीत नसतं.

सुगंधाने वरचं नाव, पत्ता, फोन नंबर बदलला, मार्क बदलले. "झालं, ताई."

"खाली बघ," अश्विनी म्हणाली. शेवटच्या डिक्लेरेशनखाली सहीच्या जागी त्या मुलाचंच नाव होतं. वर जेंडरपुढे Male तसंच होतं. जुनं आडनाव Ctrl+F दाबून शोधलं, तर अजून एका ठिकाणी सापडलं, वडिलांच्या नावात. नजर नेहमी वरच्या अर्ध्या पानावर फिरते, त्यामुळे हे सुटतं.

पण Ctrl+F ने न दिसणारी एक गोष्ट यापेक्षा जास्त नुकसान करते. सुगंधाने ईमेल आयडीच्या निळ्या अक्षरांत कर्सर नेऊन एकेक अक्षर खोडलं आणि आपला आयडी टाइप केला. दिसायला तिचाच आयडी. अश्विनीने त्यावर माउस नेला, तर वर छोट्या चौकटीत त्या मुलाचा आयडी आला. वर्डमध्ये अशा निळ्या अक्षरांमागे `mailto:` ने सुरू होणारा पत्ता वेगळा साठवलेला असतो. वरची अक्षरं बदलली तरी मागचा पत्ता जुनाच राहू शकतो, आणि पीडीएफ केली तर तोही पीडीएफमध्ये जातो. कंपनीतल्या बाईंनी आयडीवर क्लिक करून इंटरव्ह्यूची वेळ कळवली असती, तर मेल त्या मुलाला गेला असता. सुगंधाला मात्र वाटलं असतं, आपल्याला बोलावलंच नाही.

उपाय सोपा आहे. आयडीवर राइट क्लिक करून Remove Hyperlink. अक्षरं साधी होतात, मागचा पत्ता निघून जातो. फाइलमध्ये असे किती पत्ते दडलेत ते बघायचं असेल तर Alt+F9 दाबा, ते सगळे उघडे पडतात. परत दाबलं की पान पूर्ववत. File मध्ये Info उघडून Author कोण आहे तेही बघून घ्या. तिथेही जुनं नाव असू शकतं.

मग शिक्षणाचा भाग. दहावी, बारावी, बी.कॉम. यांच्यापुढे बोर्ड, वर्ष आणि टक्के एकाखाली एक यावेत म्हणून सुगंधा स्पेसबार दाबत होती. स्क्रीनवर जवळजवळ जुळलं, पण पूर्ण जुळेना. ते जुळणारही नाही, कारण रेझ्युमेच्या बहुतेक फॉन्टमध्ये i आणि m ही अक्षरं सारखी जागा घेत नाहीत. शिवाय तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर वर्डची फाइल उघडली की टक्के सरळ खालच्या ओळीत जाऊन बसतात. Ctrl+Shift+8 दाबल्यावर ओळीत ठिपक्यांची रांग दिसली, तर समजायचं की हे स्पेसचं काम आहे.

अश्विनीने ते सगळं खोडायला लावलं. Insert मधून चार रकाने आणि चार ओळींचं टेबल घेतलं, एक ओळ मथळ्यांची आणि तीन परीक्षांच्या. मजकूर भरून झाल्यावर टेबल निवडून No Border केलं. रेषा गेल्या, आकडे जागेवर राहिले. मला विचाराल तर रेझ्युमेत हा एवढा एक भाग टेबलमध्येच करावा.

F12 दाबून Save as type मध्ये PDF निवडली. फाइलला `resume new` असं काही न ठेवता स्वतःचं नाव दिलं. आधी ती स्वतःलाच मेल केली आणि मोबाइलवर उघडून जुना पत्ता कुठे उरला नाही ना, ते तपासलं. मगच कंपनीला पाठवली.

निघण्यापूर्वी मेलमधून साइन आउट करून डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधली आपली फाइल Shift+Delete ने काढायची. नुसतं Delete केलं तर ती रिसायकल बिनमध्ये पडून राहते, आणि पुढच्या मुलीसाठी तयार फाइल म्हणून सुगंधाचाच फोन नंबर आणि पत्ता उघडला जातो.