मित्र डिप्रेशनमध्ये असताना त्याच्या पडवीत नुसतं बसायचं कसं

डॉक्टरांचे उपचार चालू आहेत असं धरून लिहितोय. नसतील तर जिल्हा रुग्णालयात सोबत जा, केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा.

भेटीचा वार ठरवा. ‘कधीही फोन कर’ म्हणू नका, फोन करणंच त्याला जमत नसतं. माझा गुरुवार होता, संध्याकाळी एक तास.

खरी कसोटी त्या तासाची. देवगडजवळच्या माझ्या मित्राला मी जानेवारीत सांगत सुटलो होतो: समुद्रावर चल, कलमांना मोहर आलाय, बघ तरी, देवाला गाऱ्हाणं घाल. मग तो फोन उचलेनासा झाला. पुढे कधीतरी म्हणाला, “तू आलास की मला बरं असल्याचं नाटक करूचा लागता.” तोंडात मारल्यासारखं झालं. ‘फरक पडला का रे?’ हेही मी दर गुरुवारी विचारायचो. औषध लागू पडायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, हे ठाऊक असूनही. तो प्रश्न त्याच्यासाठी नव्हताच, माझा जीव थाऱ्यावर यावा म्हणून होता.

म्हणून हाताला काम घेऊन जा. मे महिन्यात मी रातांबे न्यायचो. तो फोडायचा, मी बिया काढायचो. कधी तो नुसता बघत बसायचा, तेही चालायचं. “माझ्याकडून काय्येक होत नाही,” म्हणाला की ‘होईल रे’ हा शब्द गिळायचा. “सकाळपासून असंच वाटतंय?” एवढं विचारायचं आणि गप्प राहायचं. पहिली पाच मिनिटं असह्य होतात. जिभेवर उपाय आला की समजा, आता तुमची घालमेल बोलतेय. रातांबे फोडा.

ती घालमेल त्याच्या पडवीत सांडायची नाही. मी परतताना सड्यावर गाडी बंद करून दहा मिनिटं बसायचो, घरी बायकोला सगळं सांगायचो. रोज जाऊ नका, आठवड्याभरात तुम्हीच चिडाल. माझ्यानंतर रविवार त्याच्या मावसभावाने घेतला.

गप्प बसायचं नाही अशी वेळ एकच. तो म्हणाला, “मी नसलेलाच बरा.” मी सरळ विचारलं, “मरायचे विचार येतात का?” विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला, तर एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, गुपित ठेवायचं वचन देऊ नका. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. जीवावर बेतलं असेल तर थेट 108 ला फोन करा.

आणि बागायतदाराच्या घरात फवारणीची औषधं असतात, ती त्याच दिवशी हलवा. त्याच्या बाटल्या अजून माझ्या मांगरात कुलपात आहेत. फवारणीच्या दिवशी त्याचा भाऊ लागेल तेवढंच नेतो, उरलेलं संध्याकाळी परत आणून ठेवतो.